‘काका शेवटचं नीट कधी बोलले?’ मध्यरात्री धावून आलेल्या शेजाऱ्याचे आभार: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. पक्षाघाताचा रुग्ण घरी जाण्याआधी त्याच्या घरच्यांबरोबर बसून पुढची घडी बसवून देणं हे माझं काम आहे. घरी कोण असेल, पायऱ्या किती आहेत, औषधं कोण देणार, व्यायाम कोण करून घेणार, अशी बोलणी होतात. ती संपत आली की कुणीतरी हळूच विचारतं, ‘त्या रात्री शेजारचे धावून आले होते, त्यांना काय सांगायचं?’ या प्रश्नासाठी आमच्या अर्जावर रकाना नाही. पण घरी गेल्यावर रोज ज्या माणसाशी गाठ पडणार, त्याच्याशी नातं कसं राहील हे त्यावर अवलंबून असतं, म्हणून मी त्यालाही वेळ देते.

हे प्रकरण अशाच एका कुटुंबाचं आहे. कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. रुग्णाला मी काका म्हणेन, त्यांच्या पत्नीला काकू. काका सदुसष्ट वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, बाकी हिंडते-फिरते. घरात दोघंच. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. शेजारी वरच्या मजल्यावर राहणारा, चाळिशीतला, पत्नी आणि लहान मुलासह. दोन्ही घरांत येणंजाणं नव्हतं. जिन्यात दिसलं तर मान हलवायची, एवढीच ओळख.

ती रात्र

रात्री १:४० च्या सुमारास काकूंना न्हाणीघराच्या दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज आला. काका जमिनीवर होते. उजवा हात उचलत नव्हता, तोंड एका बाजूला वाकलं होतं, बोलायला जात होते पण शब्द जुळत नव्हते. काकूंनी मुलीला फोन लावला, तो लागला नाही. मग दार उघडून त्यांनी जिन्यात हाका मारल्या. वरचा शेजारी खाली आला.

त्यानं आधी रुग्णवाहिका बोलावली. काकूंना वाटत होतं की त्याच्या गाडीतून न्यावं, लवकर पोचू. पण काकांना दोघांनी उचलून गाडीपर्यंत नेणं त्याला धोक्याचं वाटलं. काकांच्या तोंडातून लाळ येत होती, म्हणून त्यानं त्यांना कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली घडी केलेली चादर दिली. तेवढ्यात काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यानं पेल्यावर हात धरला आणि ‘आत्ता काही देऊ नका’ म्हणाला. काकूंचा संयम सुटला. ‘तुम्ही कोण ठरवणार? माणूस तडफडतोय आणि पाणीसुद्धा पाजू देत नाही!’ तो काही बोलला नाही. पेला घेऊन बाजूला ठेवला.

मग त्यानं विचारलं, ‘काकू, काका शेवटचं नीट कधी बोलले?’

काकू म्हणाल्या, साडेदहाला झोपले.

‘त्यानंतर? मधे उठले होते का?’

काकूंना आठवलं. मधे त्या स्वतः उठल्या होत्या, तेव्हा काकांनी कूस बदलत विचारलं होतं, ‘किती वाजले?’ काकूंनी फोनमध्ये बघून सांगितलं होतं, ‘सव्वा.’ काका ‘बरं’ म्हणून पुन्हा झोपले होते. शेजाऱ्यानं औषधांच्या पिशवीतून डॉक्टरांची जुनी चिठ्ठी काढली आणि तिच्या मागे लिहिलं: ‘१:१५ ला नीट बोलले. १:४० ला पडलेले आढळले.’ पिशवी आणि चिठ्ठी घेऊन तो काकूंबरोबर रुग्णवाहिकेत बसला. त्याची पत्नी आधीच खाली जाऊन फाटक उघडून उभी होती. सगळे निघाल्यावर तिनं काकूंचा गॅस, दिवे बघून घराला कुलूप लावलं.

२:३५ ला ते रुग्णालयात पोचले. सीटी स्कॅन झालं, मेंदूत रक्तस्राव नव्हता. पिशवीतल्या गोळ्यांवरून रक्त पातळ करणारं औषध चालू नसल्याचं कळलं. रक्तदाब आणि साखर मर्यादेत होती. ३:२० ला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू झालं.

त्या एका प्रश्नाचं वजन

पुढचं सगळं समजायला इथं थोडं थांबायला हवं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध ठरावीक वेळेतच देतात. उशिरा दिलं तर फायदा कमी होतो आणि मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या तीन तासांत दिलेल्या औषधाचा फायदा दिसला. २००८ साली युरोपात झालेल्या चाचणीनंतर ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. हे तास मोजायचे ते रुग्ण पडलेला सापडला तेव्हापासून नव्हे. तो शेवटचा नीट होता हे नक्की ठाऊक आहे, तिथपासून मोजायचे. झोपेत काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून हा नियम.

आता हिशेब करा. ‘साडेदहाला झोपले’ एवढंच सांगितलं गेलं असतं, तर साडेचार तास पहाटे ३:०० ला संपत होते. इंजेक्शन सुरू झालं ३:२० ला. म्हणजे वेळ उलटून गेली होती. १:१५ धरलं की फक्त दोन तास पाच मिनिटं झाली होती. काही ठिकाणी विशेष स्कॅनच्या आधारे उशिरा आलेल्यांचाही विचार होतो, पण त्या रात्री तिथं तो पर्याय नव्हता. डॉक्टरांनी चिठ्ठीवरची वेळ काकूंकडून पुन्हा पडताळून घेतली, ‘फोनमध्ये बघून सांगितलं’ हे ऐकलं आणि ती ग्राह्य धरली.

शेजाऱ्याला कामाच्या ठिकाणी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मिळालं होतं. हा प्रश्न विचारायचा असतो हे त्याला तिथूनच ठाऊक होतं. त्या प्रश्नाच्या उत्तरानं त्या रात्री नेमकं काय बदललं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही. उजाडल्यावर मुलगी पोचली आणि तो घरी गेला.

अडचण

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा काका वॉर्डात होते. उजव्या पायात ताकद येत होती, हात अजून लुळा होता, बोलणं तुटक होतं. समजत मात्र सगळं होतं. तिला आभार मानायचे होते, पण तिनं काहीच केलं नव्हतं आणि दिवस जात होते. तिच्या बोलण्यातून तीन गाठी पुढे आल्या.

पहिली म्हणजे ओळखच पातळ. इतक्या कमी ओळखीच्या माणसानं इतकं मोठं काही केलं की नुसतं ‘थँक यू’ म्हणायला ओशाळं वाटतं, आणि मोठं काही बोलावं तर नाटकी वाटतं. दुसरी, पैसे. भरतीच्या वेळची अनामत रक्कम त्यानं स्वतःच्या कार्डावरून भरली होती आणि नंतर त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तिसरी गाठ काकूंनी स्वतः सांगितली, तीही मुलगी बाहेर गेल्यावर. पाण्यावरून त्या जे बोलल्या होत्या ते त्यांना सलत होतं. रुग्णालयात दुसऱ्या दिवशी काकांची गिळण्याची चाचणी झाली होती. पातळ पदार्थ घशात नीट उतरत नव्हते, ठसका लागत होता, म्हणून काही दिवस सगळं घट्ट करून द्यायला सांगितलं होतं. त्या रात्री पाणी पाजलं असतं तर ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात जंतुसंसर्ग होण्याची भीती होती. हे समजल्यापासून काकूंना त्या माणसासमोर जायचा धीर होत नव्हता.

मला यातली तिसरी गाठ सगळ्यात महत्त्वाची वाटली. मदतीला आलेला माणूस घरी परततो तेव्हा त्याच्या डोक्यात आपण केलेल्या चांगल्या गोष्टी क्वचितच असतात. आपण गाडीतून नेलं असतं तर लवकर पोचलो असतो का, त्या बाई चिडल्या म्हणजे माझं काही चुकलं का, हेच घोळत राहतं. त्याला परिणाम माहीत नसतो. तो फक्त रुग्णाच्या घरच्यांनाच माहीत असतो. म्हणून इथं आभारांचं पहिलं काम त्याला ती माहिती पोचवणं हे होतं.

कोणते मार्ग समोर होते

मुलीच्या मनात आधी इमारतीच्या रहिवाशांच्या ग्रुपवर लिहायचं होतं. सगळ्यांना कळावं की आपल्यात असा माणूस आहे, ही भावना चांगलीच होती. पण त्यात काकांचा आजार चारचौघांत जात होता, आणि तो जाऊ द्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क काकांचा होता. शिवाय जाहीर कौतुकानं तो माणूस इमारतीचा रात्रपाळीचा डॉक्टर होऊन बसतो. पुढच्या वेळी कुणाला छातीत कळ आली तर आधी त्याचंच दार वाजेल, आणि तेव्हा काही बिघडलं तर? हा मार्ग सोडला.

दुसरा विचार मोठ्या भेटवस्तूचा. मी याच्या विरोधात नसते, पण इथं पैसे परत करायचे बाकी होते. अनामत रक्कम आणि भेटवस्तू एकाच वेळी गेली असती तर तो व्यवहार चुकता केल्यासारखा दिसला असता. म्हणून दोन्ही वेगळं करायचं ठरलं: पैसे आधी, निमूटपणे, पावतीसह. आभार नंतर आणि त्यात पैशाचा उल्लेख नाही.

तिसरा मार्ग, काका घरी आल्यावर सगळ्यांनी वर जाऊन भेटणं. हे मला पटत होतं, पण काकू म्हणाल्या, ‘मी तिथं रडेन आणि जे सांगायचंय ते राहून जाईल.’ त्यांना स्वतःची चांगली पारख होती. समोरासमोर बोलताना तो माणूस ‘अहो त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलणार हेही दिसत होतं. नेमकं काही सांगायचं असेल तर समोरच्याला अडवता येणार नाही, असं माध्यम हवं होतं. म्हणून पत्र.

मुलीला पत्राची धास्ती होती. ‘मला नीट लिहिता येत नाही,’ ती म्हणाली. अमित कुमार आणि निकोलस एपली या मानसशास्त्रज्ञांचा २०१८ सालचा एक अभ्यास मी अशा वेळी सांगते. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि मग ती मिळालेल्यांना काय वाटलं ते विचारलं. लिहिणाऱ्यांना आपले शब्द बरोबर उतरतील का याची काळजी होती. वाचणाऱ्यांना मात्र पत्राचा ओलावा जाणवला होता. समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज लिहिणाऱ्यांनी जास्त धरला होता, आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी.

पत्र काका घरी आल्यावर द्यायचं ठरलं, कारण तोवर पुढचं चित्र स्पष्ट होणार होतं. पण तोपर्यंत गप्प राहणं बरोबर नव्हतं. भरतीनंतर तिसऱ्या दिवशी मुलीनं त्याला चार ओळींचा निरोप पाठवला: बाबा शुद्धीवर आहेत, पायात हालचाल आहे, तुम्ही भरलेली रक्कम आज तुमच्या खात्यात टाकते आहे, तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे पण थोडा वेळ द्या. त्यानं उत्तर दिलं, ‘काळजी घ्या. काही लागलं तर सांगा.’

पहिला मसुदा आणि त्यातल्या अडचणी

मुलीनं आणलेला पहिला मसुदा असा होता:

‘तुम्ही देवासारखे धावून आलात. तुम्ही नसता तर बाबा आज आमच्यात नसते. तुमचे उपकार आम्ही सात जन्मांत फेडू शकणार नाही. इथून पुढेही तुमचा असाच आधार राहू दे.’

यातला शब्द न् शब्द मनापासून होता. तरी आम्ही एकेक वाक्य हातात घेतलं.

‘देवासारखे’ वाचून तो माणूस काय केल्याबद्दल आभार मानले जाताहेत हे सांगू शकला नसता. पेल्यावर हात ठेवणारा, चिठ्ठीवर वेळ लिहिणारा माणूस त्या शब्दात दिसतच नव्हता. ‘बाबा आज आमच्यात नसते’ हे खरं होतं का? मी मुलीला डॉक्टरांना विचारायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका होता असं म्हणता येणार नाही, अपंगत्व किती राहिलं असतं हा प्रश्न होता. आणि इंजेक्शनमुळेच पाय सुधारला का, हेही एका रुग्णापुरतं छातीठोक सांगता येत नाही. काहींना देऊनही फरक पडत नाही, काही न देताही सावरतात. नक्की सांगता येईल ते एवढंच, की ती वेळ कळली म्हणून इंजेक्शन देता आलं. माझ्या मते हे एवढंच पुरेसं मोठं आहे. शिवाय ते खरं आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला नाकारता येत नाही. ‘तुम्ही जीव वाचवलात’ला कुणीही ‘छे हो’ म्हणू शकतं. ‘तुम्ही वेळ विचारलीत म्हणून इंजेक्शन मिळालं’ला काय म्हणणार?

‘फेडू शकणार नाही’ या वाक्यानं दोन घरांमध्ये कर्ज उभं राहत होतं, आणि जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाकडे कर्जदाराच्या नजरेनं बघणं फार काळ जमत नाही. शेवटचं वाक्य तर आभारांच्या पोटात नवी मागणी होती. ती काढायची असं ठरलं.

दुसऱ्या मसुद्यात मुलीनं सगळं तपशिलात लिहिलं, आणि तिथं वेगळी अडचण आली. तिनं लिहिलं होतं की काकांचे कपडे ओले झाले होते, आणि शेजाऱ्यानं काही न बोलता त्यांच्या अंगावर चादर घातली. माझ्या मनात ते सगळ्या पत्रातलं सर्वांत हळुवार वाक्य होतं. पण मी म्हटलं, हे आधी काकांना वाचून दाखवा. ते वाक्य येताच काकांनी डावा हात हलवून नको म्हटलं. ते वाक्य गेलं. त्यांना जे झाकलेलं हवं होतं ते त्या माणसानं त्या रात्री झाकलं होतं, पत्रानं ते पुन्हा उघडं करायचं कारण नव्हतं. मुलीनं त्याऐवजी ‘तुम्ही बाबांचा मान राखलात’ एवढं लिहिलं. त्याला ते कळणार होतंच.

पत्र कुणाच्या नावानं जावं यावरही बोलणं झालं. लिहिणारी मुलगी, पण त्या रात्री ती तिथं नव्हती. पाण्याबद्दलचं वाक्य काकूंनीच म्हणायला हवं होतं. म्हणून पत्र काकूंच्या तोंडून, मुलीच्या हातानं लिहिलं गेलं.

प्रत्यक्ष पाठवलेलं पत्र

‘हे पत्र मी सांगते आहे आणि लेक लिहून घेते आहे. समोर बोलायला गेले तर मला जमणार नाही.

त्या रात्री तुम्ही जे केलंत, त्यातलं बरंचसं तेव्हा मला कळलंच नव्हतं. आता कळलंय, ते तुम्हालाही माहीत असावं म्हणून सांगते.

तुम्ही मला विचारलंत, काका शेवटचं नीट कधी बोलले. मी साडेदहा म्हटलं. तुम्ही तिथं थांबला नाहीत, ‘मधे उठले होते का’ असं पुन्हा विचारलंत, म्हणून मला सव्वाचं आठवलं. डॉक्टर म्हणाले की गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. साडेदहा धरलं असतं तर वेळ निघून गेली होती. तुमच्या चिठ्ठीवरची वेळ होती म्हणून ते देता आलं. ती चिठ्ठी आता यांच्या फाइलमध्ये लावलेली आहे.

औषधांची पिशवी तुम्ही आठवणीनं घेतलीत, म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत ते लगेच कळलं. मला त्या वेळी एकाही गोळीचं नाव आठवलं नसतं.

आता पाण्याचं. मी तुम्हाला जे बोलले ते भीतीनं बोलले. दुसऱ्या दिवशी तपासणीत कळलं की यांना पाणी गिळता येत नव्हतं, ठसका लागून ते छातीत गेलं असतं. तुमचंच बरोबर होतं. तुम्ही माझं ऐकून घेतलंत आणि तरी पेला दिला नाहीत. माझ्या बोलण्याचं मला वाईट वाटतं आणि तुमच्या त्या न ऐकण्याचे मी आभार मानते.

तुम्ही यांचा मान राखलात. हे त्यांनी मला मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

ते आता काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. उजव्या हाताला वेळ लागेल. शब्द अडतात, पण रोज थोडे वाढताहेत.

या पत्राला उत्तर द्यायला हवं असं नाही. यांना कुणी भेटायला आलं तर बरं वाटतं, म्हणून कधी वाटलं तर या. नाही जमलं तरी आमच्या मनातलं बदलणार नाही.’

खाली काकांनी डाव्या हातानं सही केली. बराच वेळ लागला, अक्षर ओळखू येत नव्हतं. मुलीनं त्याखाली स्वच्छ अक्षरात नाव लिहू का विचारलं, तेव्हा त्यांनी नको म्हटलं.

परिणाम

पत्र काकूंनी स्वतः वर जाऊन दिलं, दारातच, ‘सावकाश वाचा’ म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खाली आला. पत्राबद्दल आधी काही बोलला नाही. काकांच्या शेजारी बसला, त्यांचं चालणं बघितलं. निघताना त्यानं काकूंना विचारलं, ‘खरंच त्या वेळेमुळे इंजेक्शन मिळालं?’ काकूंनी फाइल उघडून त्याला चिठ्ठी दाखवली.

नंतर मी त्याच्याशी फोनवर बोलले. त्याला वाटत होतं की काकू आपल्यावर रागावल्या आहेत. काका घरी आल्यापासून लिफ्टजवळ काकू दिसल्या की तो जिना घ्यायचा. गाडीतून नेलं असतं तर हात वाचला असता का, हा प्रश्न त्याच्या मनात रोज यायचा. प्रशिक्षणात शिकवलं म्हणून पाणी दिलं नाही, पण काकूंचा चेहरा आठवला की आपण फार कठोर वागलो असं वाटायचं. पत्रातल्या कोणत्या ओळी पुन्हा वाचल्या असं विचारल्यावर तो म्हणाला, पाण्याच्या. इंजेक्शनच्या ओळींनी त्याला आश्चर्य वाटलं होतं, पाण्याच्या ओळींनी झोप लागली, हे त्याचेच शब्द.

गाडीचा प्रश्न पत्रानं सोडवला नव्हता, कारण कुटुंबाला तो त्याच्या मनात आहे हे माहीतच नव्हतं. फोनवर तो प्रश्न निघाला तेव्हा मी त्याला सांगितलं, की वाटेत काकांचा श्वास अडला असता किंवा उलटी झाली असती तर गाडीत तो एकटा काय करणार होता. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं वाया गेली नव्हती. तेवढ्यातच वेळ लिहिली गेली आणि पिशवी सापडली.

आता तो आठवड्यातून एखाद्या वेळी खाली येतो. काका त्याला बघून ‘सव्वा’ म्हणतात. बोलण्याच्या सरावात स्पष्ट यायला लागलेल्या पहिल्या शब्दांपैकी तो एक आहे.

वेगळं काय करता आलं असतं

एक माणूस पत्रातून निसटला. शेजाऱ्याची पत्नी. फाटक उघडून रुग्णवाहिकेला वाट तिनं दाखवली, घराला कुलूप तिनं लावलं, आणि पहाटेपर्यंत दोन्ही घरांच्या किल्ल्या घेऊन ती जागी होती. काकूंनी तिला खाली पाहिलंच नव्हतं, मुलगी तर गावातच नव्हती, त्यामुळे तिचं नाव कुणाच्या आठवणीत नव्हतं. शेजारी खाली आला तेव्हा बोलता बोलता हे निघालं. मुलीनं त्याच रात्री तिला फोन केला. ती ‘मी काय केलं’ म्हणाली, पण बरं वाटल्याचं आवाजात कळत होतं, असं मुलगी सांगते. आता पत्र लिहायच्या आधी मी घरच्यांना दारापासून रुग्णालयापर्यंतची वाट पुन्हा एकदा मनात चालायला सांगते: दार कुणी उघडलं, लिफ्ट कुणी धरली, घरी मागे कोण राहिलं. पत्र कुणाकुणाला उद्देशून हवं ते त्यातून समजतं.

दुसरी गोष्ट वेळेची. सविस्तर पत्रासाठी काका घरी येईपर्यंत थांबणं योग्यच होतं. त्याशिवाय चालण्याचं, बोलण्याचं काही सांगता आलं नसतं, आणि इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी शांतपणे बोलणं झालं नसतं. पण पाण्याची गोष्ट थांबवायची गरज नव्हती. गिळण्याची चाचणी दुसऱ्याच दिवशी झाली होती, म्हणजे तिसऱ्या दिवशीचा निरोप गेला तेव्हा काकूंना उत्तर माहीत होतं. काकूंनी ते मुलीला सांगितलेलं नव्हतं आणि निरोप मुलीनं लिहिला, म्हणून त्यात प्रकृती आली, पैसे आले, हे राहिलं. तो माणूस मधले सगळे दिवस जिना चढत राहिला. पहिला निरोप पाठवण्याआधी त्या रात्री तिथं असलेल्या माणसाला एकट्यात विचारायला हवं, की तुमच्यात आणि त्यांच्यात काही बोलाचाली झाली होती का. झाली असेल तर चार ओळींत पाचवी घालायला जागा असते: ‘आई म्हणाली, पाणी दिलं नाहीत ते बरोबर केलंत, डॉक्टरांनीही तेच सांगितलं.’